एका वेळी किती मागवायचे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पाण्याच्या छोट्या मोटारी बनवणारा एक कारखाना आहे. त्यांच्या कॉस्टिंगच्या कामासाठी मी काही दिवस तिथे जात होतो. स्टोअरमध्ये शिरले की डाव्या हाताच्या रॅकवर छतापर्यंत खोकी लागलेली दिसत. त्यात मोटारीच्या मागच्या बाजूला बसणारी अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंगची कव्हरे होती. वर्षाला ७,२०० कव्हरे लागत, एकाची किंमत १२० रुपये, आणि खरेदी बघणारे अण्णा दर तीन महिन्यांनी एकदम १,८०० नग मागवत. मालकांना ते खोक्यांचे डोंगर बघवत नसत. "पैसे रॅकवर रचून ठेवायला बँकेने सीसी दिलेली नाही. दर आठवड्याला मागवा," असे ते म्हणत. अण्णांचे उत्तर ठरलेले असे : "आठवड्याला मागवू की साहेब. पण दर खेपेला टेम्पोवाला साडेचारशे घेतो, ते कुठल्या खात्यात टाकू?"

पुढच्या पानांत जे सूत्र येणार आहे, ते या भांडणाचा निवाडा करते. सूत्र एका ओळीचे आहे आणि ते सिद्ध करायला अवकलनाचे पहिल्याच आठवड्यात शिकवले जाणारे नियम पुरतात. तरीही एवढी लांब प्रस्तावना लिहितो आहे, कारण हे सूत्र पाठ असलेली पुष्कळ माणसे मला भेटली, पण त्यात घालायचे आकडे कुठून आणायचे आणि आलेल्या उत्तराला किती मान द्यायचा, हे जाणणारी थोडी.

सूत्र जुने आहे. फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९१३ सालच्या फेब्रुवारीत 'फॅक्टरी' नावाच्या मासिकात ते मांडले. हॅरिस कॉलेजात गेलेले नव्हते, पुढे ते पेटंटचे वकील झाले. त्यांच्या लेखाचे शीर्षकच एक प्रश्न होता : एका वेळी किती भाग बनवायचे? म्हणजे मूळ प्रश्न खरेदीचा नव्हताच. एका यंत्रावर एका भागाची तयारी मोडून दुसऱ्याची करायची तर वेळ आणि मजुरी जाते. म्हणून एकदा तयारी केली की भरपूर नग काढावेत असे वाटते. पण काढलेले नग पडून राहिले की त्यात पैसा अडकतो. हॅरिस यांच्या उदाहरणात महिन्याला १,००० नग खपत होते आणि उत्तर २,१९० च्या आसपास आले होते. पुढे मूळ लेख जवळपास विस्मरणात गेला. १९३४ मध्ये आर. एच. विल्सन यांनी साठा-नियंत्रणावर लेख लिहिला आणि बऱ्याच पुस्तकांत सूत्राला विल्सन यांचे नाव चिकटले. १९९० मध्ये डोनाल्ड एर्लेनकॉटर यांनी 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकात हॅरिस यांची सगळी हकिकत लिहून हे श्रेय परत केले. आपल्याकडे कारखान्यात सगळे त्याला नुसते ईओक्यू म्हणतात, मीही तसेच म्हणणार आहे.

आता अण्णांच्या कव्हरांकडे येऊ. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत, पण त्यांची जात खरी आहे. एक ऑर्डर टाकली की टेम्पोचे ४५० रुपये, माल उतरवून रॅकवर लावायचे १०० आणि लॉट तपासायचे ५० असे ६०० रुपये जातात. खोकी ३०० आली काय नि १,८०० आली काय, छोटा हत्ती तोच येतो आणि भाडे तेवढेच घेतो. दुसऱ्या बाजूला, एक कव्हर वर्षभर रॅकवर बसले तर त्याच्या किमतीच्या वीस टक्के, म्हणजे २४ रुपये खाते. त्यात अकरा टक्के बँकेचे व्याज. उरलेले नऊ टक्के म्हणजे पोचे, ओरखडे, दमटपणाने अ‍ॅल्युमिनियमवर धरणारी पांढरी बुरशीसारखी साय, विमा, आणि डिझाइन बदलले तर भंगारात जाणारा माल.

एका वेळी Q नग मागवले तर वर्षाला ७,२००/Q ऑर्डरी होतील आणि प्रत्येकीला ६०० रुपये. साठा मात्र सरासरी Q इतका नसतो. माल आला त्या दिवशी रॅकवर Q नग असतात, ते रोज सारखे कमी होत शेवटी शून्यावर येतात आणि त्याच दिवशी नवा टेम्पो दारात उभा राहतो असे आपण धरले आहे. म्हणून सरासरी साठा Q च्या निम्मा. वर्षाचा एकूण खर्च असा लिहिता येतो :

T(Q) = D·S/Q + h·Q/2

यात D म्हणजे वर्षाची गरज, S म्हणजे एका ऑर्डरचा खर्च आणि h म्हणजे एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च. कव्हरांची स्वतःची किंमत इथे नाही, कारण कितीही वेळा मागवा, वर्षाला ७,२०० नगांचे पैसे द्यायचेच आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे एका जागी ती बदलणार आहे.

अण्णांची पद्धत तपासू. वर्षाला चार ऑर्डरींचे २,४०० रुपये आणि सरासरी ९०० नग सांभाळायचे २१,६००, मिळून २४,०००. मालकांच्या पद्धतीने आठवड्याला १४४ नग आणले, तर वर्षातल्या पन्नास कामाच्या आठवड्यांत ऑर्डरींवर ३०,००० जातील आणि साठ्यावर जेमतेम १,७२८. एकूण ३१,७२८. म्हणजे डोंगर दिसतो म्हणून चिडणाऱ्या मालकांचा उपाय अण्णांच्या सवयीपेक्षा महाग. रॅकवरचा खर्च डोळ्यांना दिसतो, टेम्पोचा खर्च पावत्यांच्या फायलीत जातो. मालकांना पहिला दिसला, दुसरा दिसला नाही, एवढेच.

सर्वांत कमी खर्च कुठे, हे शोधायला T चे Q च्या सापेक्ष अवकलन करायचे :

dT/dQ = −D·S/Q² + h/2

पाठ्यपुस्तक इथे लगेच "हे शून्याबरोबर ठेवा" म्हणते. आपण थोडे थांबू, कारण या दोन पदांना स्टोअरच्या भाषेत सरळ अर्थ आहे. पहिले पद सांगते, दर खेपेला एक नग जास्त मागवला तर वर्षभरात ऑर्डरींचा किती खर्च वाचेल. दुसरे सांगते, त्या एका जादा नगापायी साठ्याचा खर्च किती वाढेल. दुसरे पद कायम १२ रुपयांवर स्थिर आहे. पहिले मात्र Q वाढेल तसे झपाट्याने आटते. तीनशे नगांची ऑर्डर असेल तर एक नग वाढवल्याने सुमारे ४८ रुपये वाचतात आणि १२ जातात, तर वाढवायलाच हवे. बाराशेची असेल तर वाचतात ३ आणि जातात १२, तर कमी करायला हवे. वाचणारे आणि जाणारे रुपये जिथे सारखे होतात तिथे हलण्यात अर्थ उरत नाही. ती जागा अशी :

Q = √(2·D·S/h) = √(2 × 7200 × 600 / 24) = 600

महिन्याला एक खेप, ६०० नगांची. ऑर्डरींचे ७,२०० आणि साठ्याचे ७,२००, मिळून १४,४०० रुपये. दुसरा अवकलज 2DS/Q³ नेहमीच धन असतो, त्यामुळे हा तळच आहे, शिखर नाही. दोन्ही खर्च सारखे आले हा योगायोग नव्हे, एक खर्च Q च्या व्यस्त प्रमाणात आणि दुसरा समप्रमाणात असला की तळाशी ते सारखे येतातच. पण "दोन खर्च सारखे करा म्हणजे झाले" असा नियम काही जण पाठ करतात, तो सगळीकडे लागत नाही. साठ्याचा खर्च Q च्या वर्गाप्रमाणे वाढत असता तर तळाशी तो ऑर्डरींच्या निम्माच आला असता. तळावर चढ-उताराचे दर सारखे होतात, रकमा नव्हे. अवकलन शिकायचे ते एवढ्यासाठी.

हे उत्तर मी अण्णांना दाखवले तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न सूत्रापेक्षा मोलाचा होता : "आणि खोक्यात पन्नासाऐवजी नव्वद नग बसत असतील तर? सहाशे कसे मागवू?" तर नऊशे मागवा. नऊशेचा खर्च १५,६०० येतो, तळापेक्षा बाराशे रुपये जास्त. चारशे मागवले तरी नेमके १५,६००च. दीडपट चुकलात तरी, वरच्या बाजूला असो की खालच्या, दंड सव्वाआठ-साडेआठ टक्क्यांचा. हा वक्र तळाशी परातीसारखा पसरट आहे. त्यामुळे उत्तराला पूर्ण खोक्यात, पूर्ण पेटीत, सोयीच्या दिवसात बसवून घ्यायला हरकत नाही. संगणकाने ५९७.३ असा आकडा छापला आणि कुणी त्यातला दशांश जपू लागला, तर त्याला सूत्र कळलेले नाही असे खुशाल समजावे.

हाच पसरटपणा दुसऱ्या एका चिंतेतून सोडवतो. नऊ टक्के नुकसानीचा माझा आकडा अंदाजाचा होता. समजा तो मी विसरलोच आणि नुसते अकरा टक्के व्याज धरले, तर उत्तर ८०९ येते. खरा खर्च वीस टक्के असताना ८०९ मागवले तर वर्षाला साडेसहाशे रुपये जास्त जातील, फार नाही. वर्गमुळामुळे आकड्यांतली चूक उत्तरात शिरताना आधीच बारीक होते, आणि उत्तरातली चूक खर्चात शिरताना पुन्हा बारीक होते.

पण चूक दुपटी-तिपटीची नसून नऊपटीची असेल तर वर्गमूळही वाचवत नाही, आणि नऊपटीची चूक करणे सोपे आहे. खरेदी खात्याचा वर्षाचा सगळा पगार, टेलिफोन आणि चहापाणी वर्षातल्या ऑर्डरींनी भागायचे, की एका ऑर्डरचा खर्च ५,४०० रुपये सहज निघतो. मग सूत्र १,८०० नग सांगते, आणि अण्णांची सवय शास्त्रशुद्ध ठरते! पण एक ऑर्डर कमी झाली म्हणून अण्णांचा पगार कमी होतो का? होत नाही. तर तो S मध्ये येत नाही. ऑर्डर टाकली म्हणून जो पैसा खिशातून जास्तीचा जातो तेवढाच मोजायचा. रॅकच्या जागेचेही तसेच. शेड स्वतःची आहे आणि ती रिकामी राहिली तर दुसऱ्या कशालाच लागणार नाही, अशा वेळी जागेचे भाडे h मध्ये घालणे चूक. बाहेर गोडाऊन भाड्याने घ्यावे लागत असेल तर मात्र न घालणे चूक.

म्हणून मी सूत्र बहुतेक वेळा उलटे चालवतो. आज किती मागवता ते विचारायचे, आणि ते बरोबर ठरायला एका ऑर्डरचा खर्च किती असायला हवा ते काढायचे :

S = h·Q²/(2·D)

अण्णांच्या १,८०० साठी ते ५,४०० येतात, मालकांच्या १४४ साठी जेमतेम ३५ रुपये. हे दोन आकडे समोर ठेवल्यावर वादच राहिला नाही. साडेपाच हजार लागत नाहीत हे अण्णांना माहीत होते, आणि पस्तीस रुपयांत टेम्पो येत नाही हे मालकांना.

अण्णांची बाजू एवढ्यावर संपत नाही. एकदम १,८०० घेतले तर डायकास्टिंगवाला दोन टक्के सूट देतो असे त्यांनी नंतर सांगितले, आणि ती आधीपासून मिळत होती. आता नगांची किंमतच Q वर अवलंबून झाली, म्हणजे मघाशी बाजूला ठेवलेले पद परत आले. वर्षाच्या ८,६४,००० रुपयांच्या खरेदीवर दोन टक्के म्हणजे १७,२८०. सुटीमुळे साठ्याचा खर्चही किंचित उतरून एकूण २३,५६८ होतो, तो ६०० नगांच्या १४,४०० पेक्षा ९,१६८ जास्त. वजाबाकी केली तर वर्षाला आठ हजारांवर फायदा अण्णांच्याच पद्धतीत. सूट एकच टक्का असती तर वाचले असते ८,६४० आणि जादा गेले असते ९,३८४, मग सूट नाकारायची. अवकलनाला हे दिसत नाही, कारण १,८०० पाशी वक्राला पायरी आहे आणि पायरीवर स्पर्शिका काढता येत नाही. तिथे सरळ दोन बेरजा करून शेजारी ठेवायच्या. ज्या माणसाला मी तीन दिवस मनातल्या मनात चुकीचा ठरवत होतो तो बरोबर निघाला, याची नोंद मी माझ्या वहीत अजून ठेवली आहे. पुढच्या वर्षी त्या पुरवठादाराने सूट बंद केली आणि प्रश्न पुन्हा सहाशेवर आला, पण ते नंतरचे.

दुसरी मर्यादा मागणीची. रोज सारखा खप धरला होता, पण पाण्याच्या मोटारी उन्हाळ्यात खपतात. समजा फेब्रुवारी ते मे हे चार महिने हजार-हजार नग लागतात आणि बाकीचे आठ महिने चारशे-चारशे, म्हणजे वर्षाचे ७,२००च. हंगामाच्या वेगाने हिशेब केला तर उत्तर ७७५ येते, बाकीच्या काळात ४९०. दोन्ही काळांत सहाशेच मागवत राहिले तरी नुकसान दोन-तीन टक्के. परात इथेही कामाला येते.

खरा घात वेगळीकडे होतो. किती मागवायचे हे सूत्र सांगते, केव्हा मागवायचे हे सांगत नाही. माल यायला कामाचे दहा दिवस लागतात. वर्षाच्या सरासरीने रोज २४ नग खपतात, म्हणून अण्णांच्या बिन कार्डावर लाल शाईने "२४० उरले की ऑर्डर" असे लिहिलेले होते. हंगामात रोज ४० नग जातात, २४० नग सहा दिवसांत संपतात आणि चार दिवस कव्हरांअभावी मोटारी उघड्या पाठीने बाकांवर बसतात. त्या चार दिवसांचे नुकसान ईओक्यूच्या सगळ्या बचतीला पुरून उरते. हे ओळखायला संगणक लागत नाही. बिन कार्डावर शिल्लक शून्य आणि पुढची आवक यांत किती दिवस गेले, ते मार्च-एप्रिलच्या ओळींत बघायचे. हंगामासाठी तो लाल आकडा ४०० करायचा, आणि पुरवठादार उशीर करणारा असेल तर त्यावर थोडे राखीव नग. राखीव साठा किती, हे गणित वेगळ्या जातीचे आहे. त्याला या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि ते या सूत्रात मिसळायचा मोह मी टाळला आहे.

शेवटी S विषयी, कारण हॅरिस यांच्यानंतर या विषयात सर्वांत मोठी भर तिथेच पडली. हॅरिस यांनी तयारीचा खर्च दिलेला धरला आणि त्याला साजेसा लॉट काढला. जपानमध्ये १९७० च्या आसपास शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या मोठ्या प्रेसवर उलटा प्रश्न विचारला : तयारीला चार तास लागतातच कशाला? यंत्र चालू असतानाच करता येणारी कामे त्यांनी बाजूला काढली, साच्यांच्या पकडी सोप्या केल्या, आणि तो वेळ काही मिनिटांवर आणला. सूत्राच्या नजरेने पाहिले तर S एक-चतुर्थांश झाला की Q निम्मा होतो आणि एकूण खर्चही निम्मा, कारण तळाचा खर्च √(2DSh) इतका असतो. Q अचूक काढून जे वाचते त्यापेक्षा S खाली आणून पुष्कळ जास्त वाचते, आणि ते सूत्रातच लिहिलेले आहे, फक्त आपण S ला अक्षर समजतो, खर्च समजत नाही.

सूट बंद झाल्यावर अण्णांनी हेच केले, शिंगो यांचे नाव न ऐकता. डायकास्टिंगवाल्याचा स्वतःचा टेम्पो दर मंगळवारी पलीकडच्या गल्लीतल्या पंपवाल्याकडे माल टाकायला येतो, हे त्यांना चहाच्या टपरीवर कळले. येताना आमची खोकीही टाकत जा, असे त्यांनी ठरवून घेतले. टेम्पोचे साडेचारशे गेले, ऑर्डरमागे दीडशे राहिले. आता एक मंगळवार सोडून एक मंगळवारी तीनशे नग येतात, वर्षाला साधारण चोवीस खेपा, खर्च १४,४०० ऐवजी ७,२००. रॅकचे वरचे दोन कप्पे रिकामे झाले. मालक ते बघून खूश आहेत, आणि हे आपल्या "दर आठवड्याला मागवा" मुळेच झाले असे त्यांचे म्हणणे आहे.